बॅच स्लिपवर न दिसणारं पाणी

त्या दिवशी पाऊस दुपारी चारच्या सुमारास आला. जूनमधला पहिलाच जोराचा. सकाळपासून पारसिकच्या डोंगरावर ढग साचत होते, पण रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या त्या साइटवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. एका कारखान्याच्या गच्चीचा स्लॅब भरायचा होता. १२० घनमीटर काँक्रीट, ग्रेड एम-३०, सहा घनमीटरच्या वीस गाड्या. दहा गाड्या पावसाआधी रिकाम्या झाल्या. अकरावी आली तेव्हा पाऊस लागून तास होत आला होता. पंपाच्या हॉपरमध्ये काँक्रीट पडलं ते पळीवाढ्या आमटीसारखं.

साइटच्या सुपरवायझरला वाटलं, गाडीच्या ड्रममध्ये पावसाचं पाणी शिरलं असणार. ड्रायव्हरही तेच म्हणाला. वर माणसं खोळंबली होती, आधीचं काँक्रीट घट्ट होऊ लागलं होतं, त्यामुळे ती गाडी रिकामी झाली. बारावी तशीच आली तेव्हा ती परत पाठवली आणि प्लांटला फोन गेला.

प्लांटवर क्वालिटी कंट्रोलचं काम पाहणारे अभियंते तेव्हा नोकरीत नवे होते. आज त्यांच्या हाताखाली चार प्रयोगशाळा आहेत, पण नव्या मुलांना शिकवताना ते अजून त्या संध्याकाळपासूनच सुरुवात करतात. "मी फोन घेतला आणि पहिल्यांदा बॅच स्लिप पाहिली," ते सांगतात. "सिमेंट ३८०, पाणी १६७, वाळू ७८०, सगळं डिझाइनप्रमाणे. मी छातीठोकपणे सांगितलं, आमच्याकडून पाणी बरोबर गेलंय, गाडीतच काहीतरी झालं असेल. स्लिप खोटी नव्हती. पण मिक्सरमध्ये पडलेलं सगळं पाणी तिच्यावर नव्हतं."

पावसाचं पाणी ड्रमच्या तोंडातून किती जाऊ शकतं, याचा हिशेब सोपा आहे. तोंडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरभर धरलं आणि वाटेत वीस मिलिमीटर पाऊस पडला असं मानलं, तरी सगळा मिळून वीस लिटर होतो. सहा घनमीटरमध्ये वाटला तर घनमीटरला तीन-साडेतीन लिटर. तेवढ्यानं काँक्रीटची आमटी होत नाही. पाणी आलं होतं ते प्लांटच्या मागे उघड्यावर पडलेल्या क्रश सँडच्या ढिगातून आणि खडीच्या बिनमधून.

रबाळे, महापे, तुर्भे हा पट्टा पारसिकच्या पायथ्याशी आहे. डोंगर काळ्या बेसॉल्टचा, पश्चिमेला ठाण्याची खाडी. इथल्या बांधकामात आता नदीची किंवा खाडीची वाळू क्वचित दिसते, बहुतेक काम खडक फोडून केलेल्या क्रश सँडवर चालतं. या वाळूत बारीक भुकटी नदीच्या वाळूपेक्षा जास्त असते. आयएस ३८३ हे मानक दगड फोडून केलेल्या वाळूत १५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. ही भुकटी पाणी धरून ठेवते आणि लवकर सोडत नाही. पाऊस थांबून दोन तास झाले, वरची वाळू भुरभुरीत दिसू लागली, तरी ढिगात हातभर आत आणि तळाशी ती गच्च ओली असते.

या ओलीचे दोन भाग ओळखता आले की पुढचा सगळा हिशेब सुटतो. अभियंते त्यांना 'पोटातलं पाणी' आणि 'अंगावरचं पाणी' म्हणतात. वाळूच्या आणि खडीच्या प्रत्येक कणात सूक्ष्म छिद्रं असतात. त्यात मुरलेलं पाणी हे पोटातलं. ते सिमेंटला मिळत नाही, काँक्रीट पातळही करत नाही. कणाचं पोट भरल्यावर उरलेलं पाणी त्याच्या अंगाला चिकटून राहतं. ते मिक्सरमध्ये मोकळं होतं आणि नळातून सोडलेल्या पाण्यासारखंच वागतं. पोट किती मोठं, हे प्रयोगशाळेतल्या शोषणाच्या चाचणीत कळतं. त्या प्लांटच्या क्रश सँडचं शोषण ३ टक्के होतं, खडीचं दीड टक्का.

मिक्स डिझाइनमध्ये वाळू-खडीची जी वजनं लिहिलेली असतात, ती पोट भरलेल्या पण अंग कोरड्या असलेल्या मालाची असतात. प्रत्यक्षात ढिगातला माल नेमका तसा क्वचित सापडतो. मे महिन्यात तो त्याहून कोरडा असतो, मग मिक्सरमधलं पाणी आधी कणांच्या पोटात जातं आणि काँक्रीट घट्ट होतं. तेव्हा तेवढं पाणी वाढवावं लागतं. पावसाळ्यात उलट. त्या दिवशी सकाळी मोजलेली वाळूची ओल ३ टक्के होती, म्हणजे बरोबर शोषणाएवढी. खडीचंही तसंच होतं. पॅनेलवरची दुरुस्ती शून्य होती आणि सकाळच्या दहा गाड्यांना ती बरोबरच लागू पडली.

चार वाजल्यानंतर ढीग बदलला. पॅनेलवरचं शून्य तसंच राहिलं.

बारावी गाडी परत आल्यावर अभियंत्यांनी वाळूचा नमुना घेतला. ५०० ग्रॅम ओली वाळू तव्यावर भाजली, सुकल्यावर ती ४६३ ग्रॅम भरली. गेलेलं पाणी ३७ ग्रॅम. ३७ ला ४६३ नं भागलं की ८ टक्के येतात. त्यातले ३ टक्के पोटातले, ५ टक्के अंगावरचे. १० मिलिमीटरची खडी ३ टक्के ओली निघाली, म्हणजे अंगावर दीड टक्का. २० मिलिमीटरची २ टक्के, म्हणजे अंगावर अर्धा टक्का.

आता अकराव्या गाडीत काय गेलं ते पाहता येतं. डिझाइनमध्ये दर घनमीटरला वाळू ७८० किलो, १० मिलिमीटर खडी ४७० आणि २० मिलिमीटर खडी ७०० किलो होती. काट्यानं तेवढीच वजनं घेतली, पण त्या वजनात पाणीही तोललं गेलं. ७८० किलो ओल्या वाळूत सुमारे ३६ किलो पाणी अंगावरचं होतं. दोन्ही खड्यांनी मिळून आणखी १० किलो आणलं. नळातून आलेल्या १६७ लिटरमध्ये हे ४६ लिटर मिळाले आणि पाणी झालं २१३ लिटर. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४४ च्या जागी ०.५६ वर गेलं.

काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंटच्या या गुणोत्तरावर अवलंबून असते, हे डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये शिकागोत प्रयोगांती मांडलं होतं. एम-३० साठी डिझाइनमध्ये ३८ न्यूटनच्या आसपास सरासरी धरलेली असते, म्हणजे थोडाफार फरक पडला तरी ३० च्या खाली जायची भीती कमी. अकराव्या गाडीचे क्यूब २८ दिवसांनी फोडले तेव्हा सरासरी २८ च्या जवळ आली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि अभियंत्यांच्या मते जास्त शिकण्यासारखा भाग पुढेच आहे.

फोन झाल्यावर पॅनेलवरच्या ऑपरेटरनं विचारलं, "साहेब, किती कमी करू?" तव्यावरचा हिशेब हातात होता. "मी म्हणालो, काका, पंचेचाळीस लिटर तोडा. त्यांनी तोडले. तेरावी गाडी स्लंपला अगदी बरोबर आली. मला वाटलं, सुटलो." तिच्यासह उरलेल्या आठ गाड्या तशाच गेल्या. परत आलेल्या बाराव्या गाडीच्या बदल्यात एक जादा गाडीही गेली. रात्री नऊला साइटवरून पुन्हा फोन आला. शेवटची गाडी रिकामी झाली होती आणि स्लॅबच्या एका कोपऱ्यात काँक्रीट पोहोचलंच नव्हतं.

कारण साधं होतं. पाणी तोडलं, पण वाळू वाढवली नव्हती. काटा ७८० किलो दाखवत होता, त्यातली खरी वाळू ७४४ किलोच होती. बाकीचं पाणी होतं, आणि तेवढं पाणी नळातून कमी केलेलं होतं. म्हणजे त्या ३६ किलोंच्या जागी आत काहीच गेलं नाही. खडीतही असाच थोडा तुटवडा. दर घनमीटरमागे काँक्रीट दीड टक्क्याहून थोडं अधिक कमी भरत होतं. एका गाडीत हे शंभर लिटर, नऊ गाड्यांत मिळून पाऊण घनमीटरच्या वर. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबमध्ये तेवढ्यानं पाच-सहा चौरस मीटर जागा भरते. हिशेबात शिल्लक धरली होती ती संपून कोपरा उघडा राहिला. रात्री दहा वाजता अर्ध्या गाडीची नवी बॅच काढावी लागली, आणि तोवर शेजारचं काँक्रीट जमून गेल्यानं तिथे सांधा आला. दोन वर्षांनी गच्चीची गळती याच सांध्यातून सुरू झाली.

वाळू कमी पडल्याची आणखी एक खूण पाटा मारणाऱ्या मिस्त्रीनं तेव्हाच सांगितली होती. काँक्रीट पातळ नव्हतं, तरी वरचा गिलावा नीट बसत नव्हता, खडी उघडी पडत होती. त्या गडबडीत ते कुणी ऐकून घेतलं नाही.

म्हणून दुरुस्ती नेहमी जोडीनं करायची असते. अंगावर जेवढं पाणी आहे तेवढं नळातून तोडायचं आणि तेवढंच वजन वाळू-खडीत वाढवायचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मुख्य मानकात या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. ओल हवामानाप्रमाणे वरचेवर मोजावी, घालायचं पाणी त्यानुसार बदलावं, आणि ओलीमुळे वाळू-खडीच्या वजनात पडणारा फरकही भरून काढावा. साइटवर पहिलं वाक्य पाठ असतं, दुसरं बहुधा राहून जातं.

त्या संध्याकाळचा बरोबर हिशेब असा व्हायला हवा होता. डिझाइनमधली ७८० किलो वाळू पोट भरलेली आहे, तिच्यात ३ टक्के पाणी मुरलेलं आहे. आधी तिचं कोरडं वजन काढायचं. ७८० भागिले १.०३, म्हणजे ७५७ किलो. ही वाळू ढिगात ८ टक्के ओली आहे, म्हणून ७५७ गुणिले १.०८, म्हणजे ८१८ किलो. काट्यावर घ्यायचं वजन हे. ८१८ आणि ७८० मधला फरक ३८ किलो, तेच वाळूच्या अंगावरचं पाणी. १० मिलिमीटर खडीला याच रीतीनं ४७७ किलो येतात, पाणी ७. २० मिलिमीटर खडीला ७०३ किलो, पाणी ३. एकूण ४८. नळातून सोडायचं पाणी १६७ वजा ४८, म्हणजे ११९ लिटर.

आकडे टाकल्यावर एक पडताळा करावा. दुरुस्तीआधीची सगळी वजनं मिळवावीत आणि दुरुस्तीनंतरची मिळवावीत. दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात, कारण इकडून काढलेलं पाणी तिकडच्या मालात आहेच. इथे सिमेंट आणि अॅडमिक्श्चर सोडून आधीची बेरीज २११७ किलो, नंतरचीही २११७. बेरीज कमी आली, तर वाळू वाढवायची राहिली आहे असं समजावं.

"ही बेरीज मी आता प्रत्येक मुलाकडून करून घेतो," अभियंते म्हणतात. "दहा सेकंद लागतात. त्या रात्री मी ती केली असती तर कोपरा उघडा राहिला नसता."

तव्यावरची परीक्षा दिसायला सोपी असली तरी तिच्यात चुकायच्या जागा आहेत. पहिली चूक भागाकाराची. गेलेल्या पाण्याला सुकलेल्या वजनानं भागायचं असतं, ओल्या वजनानं भागलं तर उत्तर कमी येतं. वरच्याच नमुन्यात ३७ ला ५०० नं भागलं तर ७.४ टक्के येतात. हा फरक वाळूतून घनमीटरला साडेचार लिटर पाणी लपवतो. कार्बाइडच्या पावडरवर चालणाऱ्या झटपट मीटरमध्ये काट्यावर दिसणारा आकडा मुळातच ओल्या वजनावरचा असतो. तो ७.४ दिसला तर ७.४ ला ९२.६ नं भागून घ्यावं लागतं, तेव्हा ८ टक्के मिळतात.

दुसरी चूक घाईची. भुकटीच्या गुठळ्या वरून सुकतात आणि आत ओल्या राहतात. त्या उलथन्यानं फोडत भाजाव्या लागतात. वाळू सुटी झाली की तव्यावर थंड काच धरून पाहावी. काचेवर वाफ धरली तर पाणी अजून निघतं आहे. वजन करावं, पुन्हा दोन मिनिटं भाजावं, पुन्हा वजन करावं. दोन वजनं सारखी आली की काम झालं.

तिसरी चूक नमुन्याची, आणि ती सर्वांत मोठी. ढिगाच्या वरून, हाताला लागेल तिथून ओंजळभर वाळू उचलली तर ती उन्हानं सुकलेली किंवा नुकत्याच पडलेल्या सरीनं चिंब झालेली असते. मिक्सरमध्ये जाणारी वाळू ती नव्हे. नमुना बिनच्या तोंडाखालून किंवा पट्ट्यावरून घ्यावा, तीन-चार वेळा थोडा थोडा, आणि एकत्र कालवून त्यातला तव्यावर टाकावा. लोडरवाल्याला सांगून ठेवावं की ढिगाच्या तळाचा फूटभर थर उचलायचा नाही. निथळलेलं सगळं पाणी तिथे साचतं, आणि एक बकेट तळाची नि एक वरची आली की कुठलीच दुरुस्ती लागू पडत नाही.

पॅनेलवर आकडा टाकतानाही एक फसवणूक होते. काही सॉफ्टवेअरमध्ये एकूण ओल आणि शोषण असे दोन वेगळे रकाने असतात, आकडेमोड यंत्र करतं. काहींमध्ये एकच रकाना असतो आणि तिथे फक्त अंगावरची ओल अपेक्षित असते. तिथे ५ च्या जागी ८ टाकले तर घनमीटरला २३ लिटर पाणी नको तेवढं तुटतं. काँक्रीट पिठाच्या गोळ्यासारखं घट्ट होतं, साइटवर कुणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतं, आणि मग त्यात किती पाणी गेलं याचा पत्ता कोणत्याच कागदावर लागत नाही. नव्या प्लांटवर गेल्यावर या रकान्याचा अर्थ आधी विचारून घ्यावा, आणि शोषणाचा आकडा कोणत्या क्रशरच्या मालाचा आहे तेही पाहावं. क्रशर बदलला की शोषण पुन्हा काढावं लागतं.

वाळूची ओल एका टक्क्यानं चुकली, तर या मिक्समध्ये घनमीटरला साडेसात लिटर पाणी इकडचं तिकडे होतं आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.०२ नं हलतं. एका टक्क्याची चूक स्लंपवर थोडी दिसते आणि निभावून जाते. तीन-चार टक्क्यांची चूक निभावत नाही. पाऊस सुरू झाला की ढिगात तीन-चार टक्क्यांचा फरक तासाभरात पडतो, म्हणून पावसाळ्यात सकाळी एकदा मोजून दिवसभर तोच आकडा चालवता येत नाही. सर आली, सर थांबली, नवा ट्रक रिकामा झाला, ढिगाची बाजू बदलली, या चारही वेळी नमुना घ्यावा.

दोन नमुन्यांच्या मधल्या वेळेत मिक्सरच स्वतः खूण देतो. काँक्रीट पातळ असलं की पाती हलकी फिरतात आणि मोटरचा अँपिअरचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो. अनुभवी ऑपरेटर काट्यावर नजर ठेवूनच बॅच सोडतात. अकराव्या गाडीच्या वेळी काटा खाली आला होता हे ऑपरेटरकाकांनी पाहिलं होतं, त्यांनी नंतर तसं सांगितलंही. पण पॅनेलवरचे आकडे बरोबर दिसत असताना बॅच थांबवायचा अधिकार आपल्याला आहे, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्या प्लांटवर नियम झाला की काटा ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला तर ऑपरेटरनं कुणाला न विचारता थांबायचं.

आणखी एका जागेकडे पावसाळ्यात लक्ष लागतं. गाडी रिकामी करून आल्यावर ड्रम धुतला जातो. ते पाणी उलटं फिरवून पूर्ण ओतलं नाही आणि शंभर लिटर तळाशी राहिले, तर सहा घनमीटरमध्ये घनमीटरला १६-१७ लिटर होतात. पावसात धुण्याच्या जागेभोवती आधीच पाणी साचलेलं असतं, म्हणून ड्रायव्हर ड्रम अर्धवट उलटवून भरायला रांगेत लागतो. त्यामुळे भरण्याआधी प्रत्येक ड्रम समोर उलटा फिरवून घ्यावा.

अकराव्या गाडीचं काँक्रीट स्लॅबमध्ये नेमकं कुठे पडलं, हे सुदैवानं साइटच्या एका मुलानं नकाशावर लिहून ठेवलं होतं. सहा घनमीटर म्हणजे १५० मिलिमीटर जाडीत ४० चौरस मीटर. क्यूबचे आकडे आल्यावर तिथून तीन कोअर काढले. आयएस ४५६ प्रमाणे कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के भरली आणि एकही ७५ टक्क्यांखाली गेला नाही, तर काँक्रीट चालतं. एम-३० ला ही सरासरी २५.५ येते. कोअर थोडक्यात पास झाले आणि स्लॅब तोडावा लागला नाही.

पण ताकद मिळाली म्हणजे टिकाऊपणा मिळाला असं होत नाही. खाडीकाठच्या हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी हेच मानक पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ पर्यंतच ठेवायला सांगतं. त्या ४० चौरस मीटरमध्ये ते ०.५६ होतं. जादा पाणी उडून गेल्यावर मागे बारीक वाटा राहतात, आणि त्या वाटांनी खारी हवा नि पावसाचं पाणी सळईपर्यंत पोहोचतं. त्या भागावर पहिल्याच उन्हाळ्यात झाडू मारला की पांढुरकी पूड निघायची. शेवटी तेवढ्या भागावर वेगळा जलरोधक थर द्यावा लागला आणि खर्च प्लांटनं सोसला.

हे सगळं वजनी प्लांटचं झालं. रबाळे गाव, गोठिवली, तळवली इथल्या गावठाणात अजूनही छोट्या मिक्सरवर फर्म्यानं किंवा घमेल्यानं मोजून काम चालतं. तिथे ओली वाळू वेगळाच चकवा देते. अंगावर थोडं पाणी असलेले वाळूचे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि वाळू फुगते. तेवढ्याच वाळूला जास्त जागा लागते, म्हणजे भरलेल्या फर्म्यात वाळू कमी आणि पोकळी जास्त. पाच-सहा टक्के ओलीला हा फुगवटा सर्वांत मोठा असतो, मध्यम वाळूत २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातो, बारीक वाळूत त्याहूनही वर. पूर्ण पाण्यात बुडालेली वाळू मात्र पुन्हा कोरड्याएवढी बसते.

हा फुगवटा मोजायला एक सरळ डबा पुरतो. डब्यात ओली वाळू न दाबता २०० मिलिमीटर उंचीपर्यंत भरावी. मग ती बाहेर काढून डब्यात अर्धं पाणी घ्यावं, वाळू परत टाकावी, सळईनं ढवळावी आणि बसू द्यावी. ती १६० मिलिमीटरवर बसली, तर २०० भागिले १६०, म्हणजे सव्वा. फुगवटा २५ टक्के. १:१.५:३ च्या मिश्रणाला सिमेंटच्या एका गोणीमागे ३५ लिटरचे दीड फर्मे वाळू लागते. अशी फुगलेली वाळू असेल तर दीडच्या जागी पावणेदोन आणि वर थोडी, नेमकं सांगायचं तर सुमारे ६६ लिटर घ्यावी.

तिथे तवा-काटा नसेल तर अंगावरच्या पाण्याचा अंदाज आयएस ४५६ मधल्या तक्त्यावरून घेता येतो. हा तक्ता अशा ठरीव प्रमाणाच्या मिश्रणांपुरताच आहे. खूप ओल्या वाळूत घनमीटरला १२० लिटर, मध्यम ओल्या वाळूत ८०, दमट वाळूत ४०, आणि ओल्या खडीत २० ते ४० लिटर पाणी धरायचं. एम-२० च्या या मिश्रणाला गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. मध्यम ओल्या ६६ लिटर वाळूतून पाचेक लिटर आलेलंच असतं, तीन फर्मे ओल्या खडीतून दोन ते चार. म्हणजे बादलीनं घालायचं पाणी २१ ते २३ लिटर. पावसाळ्यात मिस्त्री सवयीनं दोन बादल्या ओततो, त्या आधी मापून ठेवलेल्या असल्या तर हा फरक पाळता येतो.

त्या प्लांटवर पुढच्या वर्षी वाळूवर पत्र्याचं छप्पर आलं, जमिनीला उतार दिला, आणि ढिगाचे दोन भाग झाले. एक निथळत राहतो, दुसरा वापरला जातो. बिनच्या तळाशी ओल मोजणारा सेन्सरही बसला. अभियंते त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवत नाहीत, कारण वाळूतली भुकटी कमी-जास्त झाली की त्याचं मोजमाप सरकतं. दर आठवड्याला तव्यावरच्या आकड्याशी त्याचा ताळा घेतला जातो.

पॅनेलच्या खोलीबाहेर एक गॅसची शेगडी, लोखंडी तवा आणि वजनकाटा कायम मांडलेला असतो. भिंतीवर एक वही टांगलेली आहे. तिच्यात वेळ, कुठला ढीग, ओलं वजन, सुकं वजन, टक्के आणि पॅनेलवर टाकलेले चार आकडे असे रकाने आहेत. गेल्या पावसाळ्यातल्या एका पानावर सकाळी आठला वाळू ४.१ टक्के, साडेदहाला ६.६, दुपारी एकला ७.९ आणि चारला पुन्हा ६.२ अशी नोंद आहे. प्रत्येक ओळीसमोर ऑपरेटरची सही आहे, आणि सहीशेजारी त्या दोन बेरजा.